स्मार्ट बॅगेची बॅटरी चेक-इनआधी काढायची म्हणजे नक्की काय करायचे?

प्रश्न : आम्ही उभयता पुढच्या महिन्यात इंदूरहून दिल्ली आणि शिकागोमार्गे मिनियापोलिसला मुलीकडे निघालो आहोत. पुण्याच्या मुलाने दोन स्मार्ट बॅगा भेट दिल्या, एक मोठी आणि एक केबिनची. दोन्हींत मोबाइल चार्ज करायची बॅटरी आहे. मोठीला अंगठ्याचे कुलूप आणि वजन दाखवणारे हँडलही आहे. पावतीबरोबरच्या कागदावर ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’ छापले आहे, पण शेजारी म्हणतात की बॅटरी काढावी लागते. नुसती बंद करून ठेवली तर चालणार नाही का?

उत्तर : नाही, बंद करून चालणार नाही. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतून चार्जिंगची बॅटरी बाहेर काढून ती आपल्या हातातल्या सामानात न्यावी लागते. इंदूरच्या विमानतळावर मी अनेक वर्षे प्रवासी-सेवेत होतो आणि पुढे नव्या कर्मचाऱ्यांना धोकादायक सामानाचे नियम शिकवत असे. हा विषय काउंटरवर निघाला की प्रवाशाचा पहिला बचाव हाच असायचा : ‘बंद केली आहे ना!’ पण नियम बटणाकडे पाहतच नाही. बॅटरी कुठे आहे आणि ती बॅगेपासून वेगळी होते का, एवढेच तो पाहतो.

आधी हा नियम कसा आला ते सांगतो, म्हणजे त्या छापील ‘अप्रूव्ह्ड’ शब्दाला किती वजन द्यायचे हे आपल्याला ठरवता येईल. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, १५ जानेवारी २०१८ पासून असे ठरवले की लिथियम बॅटरी बसवलेली बॅग पोटात द्यायची असेल तर बॅटरी काढलीच पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी आदल्याच महिन्यात तशी घोषणा केली होती. त्या काळी ब्लूस्मार्ट नावाची एक कंपनी अशा बॅगांसाठी प्रसिद्ध होती. तिच्या पहिल्या बॅगांत बॅटरी आतच पक्की बसवलेली होती, त्यामुळे हा नियम तिच्या मुळावर आला आणि मे २०१८ मध्ये तिने आपला कारभार गुंडाळला. बॅग विकली गेली तेव्हा ती नियमात बसत होती, पण वापरण्याची वेळ आली तेव्हा बसत नव्हती. बॅगेला मंजुरी देणारे असे कोणतेही कार्यालय नाही. ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’चा अर्थ फार तर एवढाच, की बॅग बनवणाऱ्याच्या मते ती नियमात बसते. काउंटरवर तो कागद दाखवून काही साधत नाही. बॅटरी काढून दाखवली की लगेच साधते.

आता कारणाकडे वळू, कारण ते नीट समजले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. लिथियम-आयन सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला, मग तो उत्पादनातल्या दोषामुळे असो, आपटल्यामुळे असो किंवा दबल्यामुळे, तर सेल तापतो. त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते आणि तिच्यामुळे तो आणखी तापतो. शेवटी त्यातून ज्वलनशील वायू फुत्कारत बाहेर पडतो आणि उष्णता शेजारच्या सेलला लागते. मोठ्या प्रवासी विमानांच्या सामानकक्षात धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि हॅलॉन नावाचा वायू सोडून आग दाबण्याची सोय असते. हॅलॉन उघडी ज्वाळा विझवतो, पण सेलला थंड करत नाही, त्यामुळे एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणारी उष्णता तो थांबवू शकत नाही. हीच घटना केबिनमध्ये घडली तर ती लगेच दिसते, तिचा वास येतो, आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणजे केबिनमध्ये बॅटरीला आग लागत नाही असे कुणाचे म्हणणे नाही. तिथे माणूस तिच्यापर्यंत पोहोचू शकतो, एवढाच तो हिशेब आहे.

यावर एक रास्त शंका येते : मग लॅपटॉप मोठ्या बॅगेत ठेवायला परवानगी कशी? पूर्ण बंद केलेला आणि आपटणार नाही असा गुंडाळलेला लॅपटॉप पोटात द्यायला सर्वसाधारण नियम वाव देतो, तरी तो हातात न्या असा सल्ला सगळेच देतात. लॅपटॉपमध्ये बॅटरी ही त्या उपकरणाचा एक भाग असते आणि उपकरणाच्या कवचात बसलेली असते. आपल्या बॅगेतली चार्जिंगची बॅटरी मात्र खरे पाहता पॉवर बँकच आहे. तिचे काम दुसऱ्याला वीज पुरवणे, आणि नियमाच्या भाषेत पॉवर बँक म्हणजे सुटी बॅटरी. सुटी बॅटरी पोटात द्यायची परवानगी आधीपासूनच नव्हती. शिवाय ती बसलेली असते बॅगेच्या कडेला किंवा हँडलखाली, जिथे पट्ट्यावरून घसरताना आणि ट्रॉलीवर फेकली जाताना सगळ्यात जास्त मार बसतो.

आता आपल्या बॅगांकडे येतो. इथे माझे उत्तर बॅग प्रत्यक्ष कशी आहे यावर अवलंबून आहे, म्हणून ती ओळखायची कशी ते सविस्तर लिहितो. बाजारात साधारण चार प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात बॅगेला बाहेर यूएसबीची खाच असते, आत एक वायर आणि रिकामा कप्पा असतो, आणि पॉवर बँक आपण आपली ठेवायची असते. आपली बॅग अशी असेल तर काळजीचे कारणच नाही, फक्त कप्पा रिकामा करायचा. दुसऱ्या प्रकारात हँडलच्या दांड्यांमध्ये किंवा मागच्या बाजूला एक खटका असतो, तो दाबला की बॅटरी सरकून हातात येते. नियमानंतर जबाबदार कंपन्या बहुतेक अशाच बॅगा बनवतात. तिसऱ्या प्रकारात बॅटरी अस्तराच्या चेनमागे प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असते आणि झाकणाला दोन-चार स्क्रू असतात. ती काढता येते हे खरे, पण रांग लागलेल्या काउंटरवर भरलेली बॅग जमिनीवर उघडून स्क्रू शोधणाऱ्या प्रवाशाची आणि कर्मचाऱ्याची काय अवस्था होते ते मी पाहिले आहे. अशी बॅटरी घरीच काढून घ्या. चौथ्या प्रकारात बॅटरी चिकटवून बंद केलेली असते. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात. अशा न निघणाऱ्या बॅटरीसाठी मर्यादा २.७ वॅट-अवर इतकी छोटी आहे, आणि तिच्यापेक्षा मोठी, न निघणारी बॅटरी असलेली बॅग पोटातही चालत नाही आणि केबिनमध्येही चालत नाही. मोबाइल चार्ज करू शकणारी कोणतीही बॅटरी या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते, म्हणून असली बॅग विमानप्रवासाला निरुपयोगीच समजा.

आपल्या मोठ्या बॅगेत एक नव्हे, बहुधा तीन बॅटऱ्या आहेत, आणि तिघींचा न्याय वेगवेगळा आहे.

पहिली चार्जिंगची. बाहेर काढून तिच्या अंगावरची बारीक अक्षरे वाचा. समजा तिथे १०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले आहे. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणायचे : १० गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॅट-अवर. २०,००० एमएएच असेल तर ७४. केबिनमध्ये १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. या गणितात लोक एक चूक हमखास करतात. बॅटरीवर ‘आउटपुट ५ व्होल्ट’ असेही लिहिलेले असते आणि ते त्या पाचाने गुणतात. गुणायचे ते सेलच्या व्होल्टने, म्हणजे बहुतेक वेळा ३.७ ने. बऱ्याच बॅटऱ्यांवर डब्ल्यूएच, म्हणजे वॅट-अवरचा, आकडा थेट छापलेला असतो, तो असेल तर गणित करूच नका. पण अक्षरे पुसली असतील किंवा काहीच छापलेले नसेल, तर कर्मचारी ती बॅटरी नाकारू शकतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही नाकारली असती, कारण ती ३७ ची आहे की १७० ची हे नुसते हातात धरून कळत नाही.

दुसरी बॅटरी अंगठ्याच्या कुलपाची. ही सहसा कुलपाच्या आत कायमची बसवलेली असते आणि लोक तिला पाहून घाबरतात. उदाहरणादाखल ती २०० एमएएच आणि ३.७ व्होल्टची धरली तर ०.७४ वॅट-अवर होते, २.७ च्या कितीतरी खाली. ती तशीच राहू द्यावी. तिसरी वजनकाट्याची, बहुधा सीआर२०३२ नावाची बटणासारखी सेल. ही लिथियम धातूची असते, तिची मर्यादा वॅट-अवरमध्ये न मोजता लिथियमच्या वजनात मोजतात, आणि ती ०.३ ग्रॅम आहे. सीआर२०३२ मध्ये साधारण ०.१ ग्रॅम लिथियम असते, तेव्हा तीही राहू द्यावी. बॅग शोधण्यासाठी लोक आजकाल ॲपलचा एअरटॅग टाकतात, त्यातही हीच सेल असते. २०२२ च्या ऑक्टोबरात लुफ्तान्साने एअरटॅग बंद ठेवा असे सांगून गोंधळ उडवला होता आणि काही दिवसांतच तो निर्णय फिरवला होता. तेव्हा आपण टॅग टाकला असेल तर तो काढायची गरज नाही.

मात्र एक गोष्ट घरीच तपासून पाहा. काही बॅगांत कुलूप आणि वजनकाटा हे दोन्ही मोठ्या बॅटरीवरच चालतात, त्यांना स्वतःची बॅटरी नसते. मोठी बॅटरी काढली की अंगठ्याचे कुलूप मेले. म्हणून बॅटरी काढून, बॅग बंद करून, किल्लीने किंवा आकड्यांनी ती उघडते का ते पाहा. सुरक्षा तपासणीत बॅग उघडायची वेळ आली आणि ती आपल्यालाच उघडता आली नाही, तर उगाच तोडफोड होते.

बॅटरी निघाली, आता ती ठेवायची कुठे? हातातल्या पिशवीत, आणि फक्त तिथेच. बॅटरी स्मार्ट बॅगेतून काढून दुसऱ्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवणारे प्रवासी मी पाहिले आहेत. ते अधिकच वाईट, कारण आता ती नुसती सुटी बॅटरी झाली. एक्स-रेवर पॉवर बँकेतल्या सेल लगेच ओळखू येतात. बॅग बाजूला काढली जाते आणि आपल्या नावाची घोषणा होते. तोवर आपण सुरक्षा तपासणी ओलांडून आत गेला असाल तर मागे येणे, बॅग उघडणे, पुन्हा रांग, असा सगळा व्याप होतो, आणि वेळेत पोहोचला नाहीत तर बॅग मागेच राहते. खटक्याच्या बॅटरीला धातूचे उघडे टोक असेल तर त्यावर साधी चिकटपट्टी लावा आणि ती स्वतंत्र छोट्या पिशवीत ठेवा. किल्ल्या आणि नाण्यांच्या खणात टाकू नका, कारण दोन टोके धातूने जोडली गेली की शॉर्ट तिथेच होतो.

केबिनमध्येही ती डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नका. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच जळाले. आग डोक्यावरच्या कप्प्याच्या भागातून सुरू झाली होती आणि तपासात संशयाची सुई तिथल्या पॉवर बँकेकडे वळली. तेव्हापासून अनेक कंपन्या पॉवर बँक आसनाखाली किंवा पुढच्या खिशात ठेवायला सांगतात आणि प्रवासात तिने चार्जिंग करू देत नाहीत. काही कंपन्या संख्याही मोजतात. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, तीही १०० वॅट-अवरच्या आतली, असे ठरवले आहे. मुद्दा असा, की बॅगेतून काढलेली बॅटरी या मोजणीत धरली जाते. आपल्याकडे दोन बॅगांच्या दोन आणि शिवाय नेहमीची एक पॉवर बँक असेल तर तीन झाल्या. तिघींपैकी एक घरी ठेवा आणि उरलेल्या दोन दोघांच्या हातपिशव्यांत एकेक वाटून घ्या. आपल्या तिकिटावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या संकेतस्थळावरचे धोकादायक सामानाचे पान निघण्याच्या आठवड्यात वाचून घ्या, कारण ही पाने बदलत राहतात. दोन वेगळ्या कंपन्यांची विमाने असतील तर जिचा नियम जास्त कडक, तो पाळायचा.

केबिनच्या बॅगेविषयी लोक निर्धास्त असतात आणि गोंधळ बहुतेक वेळा तिच्याचमुळे होतो. ती केबिनमध्ये राहणार असेल तर मर्यादेतली, निघणारी बॅटरी आत बसवलेली असली तरी हरकत नसते. पण विमान भरलेले असले की दारावर सांगतात, ‘वर जागा नाही, ही बॅग खाली द्या.’ आपल्या इंदूरहून लहान शहरांकडे जाणाऱ्या एटीआर विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तिथे हा प्रकार नेहमीचा आहे. आपल्या प्रवासात दिल्लीपर्यंत बहुधा मोठे विमान मिळेल. खरी शक्यता शिकागो ते मिनियापोलिस या टप्प्यावर आहे. तिथे लहान रीजनल जेट मिळाले तर चाकांच्या बॅगा विमानाच्या दारातच घेऊन पोटात ठेवतात. त्या क्षणी आपली केबिनची बॅग चेक-इनची बॅग झाली, आणि बॅटरी तिथेच, मागे माणसे उभी असताना, काढावी लागणार. म्हणून केबिनच्या बॅगेची बॅटरी बाहेरून एका हाताने निघते का ते पाहा. ती कपड्यांच्या खाली अस्तरात असेल तर इंदूरहून निघतानाच काढून हातपिशवीत ठेवा. बसवलेली ठेवायची परवानगी आहे म्हणून बसवलीच पाहिजे असे नाही. औषधे, पासपोर्ट आणि बॅटरी या तिन्हींसाठी खांद्याची एक छोटी पिशवी वेगळी असलेली बरी, म्हणजे बॅग हातातून गेली तरी गरजेच्या गोष्टी आपल्याकडे राहतात.

शिकागोबद्दल आणखी एक. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर मोठ्या बॅगेला इंदूरलाच शेवटच्या ठिकाणापर्यंतचा टॅग लागू शकतो, पण अमेरिकेत पहिल्या विमानतळावर, म्हणजे आपल्या बाबतीत शिकागोला, बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. तिथे माणूस लांबच्या प्रवासाने थकलेला असतो, मोबाइलची बॅटरी संपलेली असते, आणि बॅग समोर आली की हात आपोआप बॅटरी परत खाचेत बसवतो. बसवू नका. पंधरा मिनिटांनी तीच बॅग पुन्हा पोटात जाणार आहे.

निघण्याच्या दिवशी काउंटरवर आपल्याला विचारतील की बॅगेत पॉवर बँक, सुटी बॅटरी, लायटर वगैरे काही आहे का. आपल्याकडे लोक प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ‘कुछ नहीं है भिया’ म्हणून मोकळे होतात. तसे न करता, बॅग स्मार्ट आहे आणि बॅटरी काढली आहे, असे आपणहून सांगा आणि रिकामी खाच दाखवा. बाहेरून यूएसबीची खाच दिसली की कर्मचारी विचारणारच, त्याआधी सांगितले तर काम झटकन होते. खाचेचे झाकण मात्र घट्ट बंद करा. लोंबते झाकण पट्ट्यात अडकून तुटते.

आणि जे कुणी आपल्याला विमानतळावर सोडायला येतील त्यांना बॅगा टॅग लावून आत जाईपर्यंत दाराबाहेर थांबायला सांगा. ते टर्मिनलमध्ये येऊ शकत नाहीत, पण बॅटरी नाकारली गेली किंवा एखादी जास्त झाली, तर आपण दारापर्यंत जाऊन ती त्यांच्या हाती देऊ शकता. काउंटरवर ती सांभाळून ठेवण्याची सोय नसते. अशी बॅटरी मागाहून कुरिअरने पाठवण्याचाही विचार करू नका. लिथियम बॅटरीच्या पार्सलला वेगळे पॅकिंग आणि वेगळे लेबल लागते, आणि आतल्या मालाचे नाव न सांगता पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो. परतीच्या प्रवासालाही मिनियापोलिसहून निघताना हेच सगळे, याच क्रमाने करायचे आहे. फरक एवढाच की लहान जेट मिळण्याची शक्यता तेव्हा पहिल्याच टप्प्यावर असेल, म्हणून दोन्ही बॅटऱ्या मुलीच्या घरूनच काढून निघा.